कृतज्ञतेच्या वहीत देवाचा रकाना नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

"ताई, सगळे धर्म 'धन्यवाद' या एकाच चाळणीतून गाळण्याची ही हौस आता पुरे. ज्यांच्या धर्मात आभार मानायला कर्ता-करविता देवच नाही, त्या बौद्ध आणि जैन मुलांनी तुमच्या वहीत काय लिहायचे? शिवाय ज्यांच्या घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत आहे, त्यांच्याकडून आभार लिहून घेणे म्हणजे त्यांना गप्प बसायला शिकवणे आहे. वहीला गुण देणार का, तेही सांगा. वर्गात कधी उभ्या राहिला असाल, असे लेखावरून वाटत नाही." – एक निवृत्त मुख्याध्यापक

महोदय,

शाळेतल्या मुलांनी आठवड्यातून एकदा कृतज्ञतेची वही लिहावी, असे सुचवणाऱ्या माझ्या लेखावरचे आपले पत्र वाचले. आपण मुख्याध्यापक होता, म्हणजे आपल्या हाताखाली शिक्षक होते आणि त्यांच्याशी आपण याच स्वरात बोलत असाल, तर त्यांच्याविषयी मला सहानुभूती वाटते. शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण ते लिहिण्याची काही गरज नव्हती. माझी बहुतेक नोकरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत गेली, त्यातही पुष्कळ वर्षे पहिली ते चौथीचे वर्ग एकाच खोलीत बसवून. आपल्या पत्रातला एकही प्रश्न या वाक्यावाचून अडला नसता. लेख लांबला होता आणि वहीचे पान शेवटी कुठेतरी दडून गेले होते, एवढी आपली तक्रार असती तर मी ती आनंदाने मान्य केली असती, आणि आताही करते.

आपल्या दुसऱ्या वाक्याला मात्र सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण ते अनेकांच्या मनात असते. कृतज्ञता म्हणजे वर पाहून हात जोडणे, असे आपण गृहीत धरले आहे. ज्या परंपरांचा आपण आधार घेतला, त्या हे गृहीत धरत नाहीत. अंगुत्तर निकाय या पाली बौद्ध ग्रंथाच्या दुकनिपात या भागात जगात दुर्लभ अशा दोन माणसांचा उल्लेख आहे: एक, जो आधी उपकार करतो तो, आणि दुसरा, जो तो उपकार ओळखतो आणि कृतीने व्यक्त करतो तो. त्याच निपातात आईला एका खांद्यावर आणि वडिलांना दुसऱ्या खांद्यावर घेऊन शंभर वर्षे वाहिले, तरी त्यांचे ऋण फिटत नाही, असे वचन आहे. या दोन्ही ठिकाणी देव कुठेही नाही, माणसे आहेत. परंपरेतली दुसरी कथा तर मुलांना त्याहून जवळची वाटते. बोधी प्राप्त झाल्यावर बुद्धांनी दुसरा आठवडा ज्या झाडाखाली बसले होते त्या झाडाकडे पापणी न लववता पाहण्यात घालवला, असे सांगतात, आणि बोधगयेत ती जागा आजही दाखवली जाते. सावली देणाऱ्या झाडाकडे नुसते नीट पाहणे, हीसुद्धा कृतज्ञता असू शकते, हे तिसरीतल्या मुलाला एका चित्रात कळते.

जैनांचे आणखी सरळ आहे. 'परस्परोपग्रहो जीवानाम्' हे तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायातले सूत्र जैन प्रतीकचिन्हाच्या खाली छापलेले असते. आपण ते लग्नपत्रिकेवरही पाहिले असेल. जीव एकमेकांच्या उपकारावर जगतात, एवढेच ते म्हणते, आणि वहीला एवढेच पुरते. नमोकार मंत्रातही काही मागणे नाही आणि काही मिळाल्याची पोचही नाही. तिथे फक्त वंदन आहे. म्हणून तो मी वहीच्या पाठात घेत नाही, हे आपण माझा लेख पुन्हा वाचलात तर दिसेल. सगळे धर्म एका चाळणीतून गाळायचे असते, तर तो मी प्रथम घेतला असता.

आता ज्या धर्मांत देव आहे, त्यांच्याकडे वळू. अबू दाऊद आणि तिर्मिझी यांच्या हदीससंग्रहांत पैगंबरांचे एक वचन आहे: जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही मानत नाही. म्हणजे ज्या परंपरेत आभाराचा अंतिम धनी ईश्वरच आहे, तिथेही शेजाऱ्याला वगळून वर जाता येत नाही. आणि आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचा मलिदा घ्या. हे ज्यू लोक शतकानुशतके मराठी बोलत आले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. नवस फेडायचा असो, आजारातून कोणी उठले असो किंवा लग्न ठरले असो, ते एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचे स्मरण करून मलिदा करतात. पोह्यांत ओले खोबरे आणि साखर घालतात, ताटात भोवती फळे मांडतात, आणि मग आशीर्वचने म्हटली जातात. मला महत्त्वाचे वाटते ते पुढेच. सगळ्या ताटावर मिळून एकच आशीर्वचन म्हणून मोकळे होत नाहीत. यहुदी धर्मशास्त्रात झाडावरच्या फळासाठी एक आशीर्वचन आहे आणि जमिनीतून येणाऱ्या पिकासाठी दुसरे, आणि केळे दुसऱ्या वर्गात जाते, कारण केळीला खरे खोड नसते. मी वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा मुलांनी केळे कुठे ठेवायचे यावर तासभर वाद घातला. त्या वादात एक गोष्ट आपोआप त्यांच्या हाती लागली: आभार ठोक भावात मानायचे नसतात, आपल्याला मिळालेली वस्तू कुठून आली ते आधी पाहावे लागते.

इथे एक खुलासा करते, नाहीतर आपले पुढचे पत्र त्यावर येईल. वर्गात मलिदा केला जात नाही, आशीर्वचन म्हणवून घेतले जात नाही, हातही जोडायला सांगितले जात नाहीत. एखादा समाज काय करतो ते सांगायचे आणि तिथेच थांबायचे. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, ही राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाची मर्यादा मला ठाऊक आहे आणि ती मला जाचकही वाटत नाही.

पोळ्याने ही वही मला खरी शिकवली, असे म्हटले तर चालेल. मी शेतकऱ्याच्या घरात वाढले. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते: जुवाने घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला गरम पाणी, तूप आणि हळद लावून चोळतात आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या' असे त्याला म्हणतात. झूल, बाशिंग, पुरणपोळी हे सगळे दुसऱ्या दिवशी. पहिला हात जातो तो जिथे ओझे पडले त्या जागी. वडील हे न बोलता करीत आणि आम्हाला त्याविषयी निबंध लिहायला कोणी सांगत नसे. वहीतला दुसरा प्रश्न तिथून आला आहे.

पानावर चारच प्रश्न असतात. आज माझ्यासाठी कोणी काय केले? त्यासाठी त्याला कोणते कष्ट पडले? त्याने ते केले नसते तर चालले असते का, तरी का केले? मी त्याबद्दल काय करीन? मधल्या दोन प्रश्नांवर माझा भर आहे आणि तो केवळ घरच्या संस्कारातून आलेला नाही. मानसशास्त्रज्ञ जेफ्री फ्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना देणाऱ्याचा हेतू, त्याला पडलेली झळ आणि स्वतःला झालेला लाभ या तीन गोष्टी ओळखायला शिकवले, आणि ती मुले नंतर पालक-शिक्षक संघाला आभारपत्रे अधिक लिहू लागली. हा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. नुसती 'मी आभारी आहे' अशी यादी लिहून घेतली की काय होते, ते कोणत्याही वर्गात दिसते: तिसऱ्याच दिवशी सगळ्या वह्यांत 'आई, बाबा, देव, शाळा' हे चार शब्द त्याच क्रमाने येतात आणि एका बाकावरच्या दोन पानांत काना-मात्रेचाही फरक राहत नाही. ते दिसले की समजावे, मुले फळ्याकडे पाहून लिहीत आहेत. म्हणून वही रोज नाही, आठवड्यातून एकदा, आणि लाल शाई तिला लागत नाही.

एक पान सांगते. मुलाचे नाव देणार नाही. त्याने पहिल्या ओळीत 'खिचडी मिळाली' एवढेच लिहिले होते. 'मिळाली' हे प्रश्नाचे उत्तर नव्हते, म्हणून मी विचारले, कोणी दिली? 'सरकारने.' भांडे कोणी चढवले? मग तो स्वयंपाक करणाऱ्या मावशींकडे जाऊन विचारून आला. तांदूळ निवडणे, हापशावरून पाणी आणणे, ओल्या लाकडाचा धूर, आणि मुले जेवल्यावर मोठी भांडी घासणे, हे त्याच्या दुसऱ्या ओळीत उतरले. तिसरी ओळ त्याने स्वतः लिहिली: 'पगार मिळतो म्हणून करतात. पण मला दुसऱ्यांदा वाढतात ते पगारात नाही.' चौथ्या ओळीत ताट स्वतः घासून ठेवीन, असे होते. आणि पानाच्या मागे: 'खिचडीत मीठ कमी होते.'

आपल्या तिसऱ्या वाक्याचे उत्तर या पानात आहे, त्यामुळे त्यावर वेगळे व्याख्यान देत नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने शाळेतले दुपारचे जेवण हा मुलाचा हक्क ठरवला आहे, आणि हक्काबद्दल आभार लिहून घेण्याचा माझा कोणताही बेत नाही. ते जेवण शिजवणारी बाई हक्कात येत नाही. दोन्ही एकाच ताटात असतात आणि मुलाला ते वेगळे करता येतात. आपल्याला का येऊ नयेत, ते मला समजले नाही. पानाची मागची बाजू तक्रारीसाठीच मोकळी असते, आणि 'आज काही नाही' हे पूर्ण उत्तर मानले जाते. ज्या आठवड्यात घरी काही वाईट घडले असेल, त्या आठवड्यात ते पान घडी घालून बंद करण्याची मुभा मुलाला असते, आणि शिक्षकाने ते उघडायचे नाही. गरिबाच्या मुलाला लिहिता येत नाही किंवा ते लिहायला लावणे हा त्याचा अपमान आहे, ही कल्पना मला त्या मुलांपेक्षा आपल्याविषयी जास्त सांगते.

गुणांबद्दल विचारले आहे, तर गुण नाहीत, शेरा नाही, वर्गाबाहेर फलकावर लावणेही नाही. हे मूळ लेखात होते. पहिली-दुसरीच्या मुलांना लिहायला लावू नये; त्यांनी चित्र काढावे आणि शिक्षकाने दुसरा व चौथा प्रश्न तोंडी विचारून मुलाचे शब्द चित्राखाली जसेच्या तसे लिहून द्यावेत. तिसरा प्रश्न त्या वयात विचारू नये, मुले 'हो' म्हणून मोकळी होतात. आपल्या शाळेत हे करून पाहायचे असेल, तर चार ओळींचे पान हाताने आखले तरी चालते, छापील वही विकत घेण्याची गरज नाही.