एरर कोड नाही, म्हणून सेन्सर ठीक?

«एसी सेट केलेल्या तापमानाच्या आधीच कट होतो किंवा कटच होत नाही, पण डिस्प्लेवर एरर कोड नाही? मग सेन्सर ठीक आहे, कारण सेन्सर गेला की कोड येतोच. खात्री हवी तर मीटर लावा, रीडिंग आलं की सेन्सर चांगला. दोष गॅसचा, गॅस भरून घ्या. आणि सेन्सर बदलायचाच असेल तर कुठलाही बसवा, सगळे सारखेच असतात.»

एसी दुरुस्तीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. हा सल्ला वाचून लोकांनी नीट चाललेल्या यंत्रात पुन्हा पुन्हा गॅस भरून घेतलेला मी पाहिलाय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी कोडचं बघू. इनडोअर युनिटची जाळी उघडून फिल्टर काढला की कॉइलच्या समोर, एका छोट्या प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये, काळ्या थेंबासारखं टोक असलेली बारीक वायर दिसते. तो रूम सेन्सर. त्याच्याजवळच तांब्याच्या टोपीचा दुसरा सेन्सर कॉइलच्या पाइपात खोचलेला असतो, तो वेगळा. रूम सेन्सर म्हणजे थर्मिस्टर: तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो, उतरलं की वाढतो. पुष्कळ यंत्रांत तो २५ अंशाला १० किलोओहम असतो. एसी चालवणाऱ्या कंट्रोल बोर्डाला तापमान कळत नाही, त्याला फक्त हा रोध दिसतो आणि त्यावरून तो अंश ठरवतो. वायर पूर्ण तुटली तर रोध अमर्याद दिसतो, शॉर्ट झाली तर शून्याजवळ. असं तापमान कुठल्याच खोलीत असू शकत नाही, म्हणून बोर्ड कोड दाखवतो. पण खोली २८ अंशांवर असताना सेन्सरने २३ सांगितलं, तर बोर्डाने शंका का घ्यावी? २३ हेही खोलीचं साधंच तापमान आहे. थोडक्यात, कोड फक्त मेलेल्या सेन्सरचा येतो. चुकीचं सांगणाऱ्या सेन्सरचा येत नाही, आणि तक्रारी बहुतेक याच दुसऱ्या प्रकारच्या असतात.

मीटरचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे लोक योग्य काम अर्धवट करतात. रीडिंग येणं पुरेसं नाही, त्या तापमानाला जे यायला हवं तेच यायला हवं. २५ अंशाला १० किलोओहम असलेला सर्वसाधारण सेन्सर २८ अंशाला पावणेनऊच्या आसपास असतो आणि २४ ला साडेदहाच्या थोडा खाली. एका अंशाला साधारण साडेचार टक्के. म्हणजे अर्धा किलोओहम इकडे-तिकडे झाला तरी बोर्ड एका अंशाहून जास्त चुकतो.

एक प्रकरण सविस्तर सांगतो. एका घरातला एसी २४ वर ठेवलेला. दुपारी खोली ३१ झाली की कॉम्प्रेसर चालू व्हायचा, आणि २८ च्या जरा वर असतानाच कट. पंखा चालू, वारा कोमट. एका हंगामात दोनदा गॅस भरून झाला होता, फरक शून्य. मी आधी घड्याळ आणि थर्मामीटर घेऊन बसलो. कॉम्प्रेसर चालू असताना जाळीवर आत जाणारी हवा ३० अंश, खालून बाहेर येणारी १८. बारा अंशांचा फरक म्हणजे थंड करण्याच्या कामात यंत्र कुठेच कमी पडत नव्हतं. ते फक्त लवकर थांबत होतं.

प्लग काढला, थोडा वेळ जाऊ दिला, कनेक्टर बोर्डापासून सोडवला. (बोर्डावर लावलेलाच ठेवून मोजलं तर बोर्डाचे स्वतःचे रोधही मध्ये येतात आणि आकडा खोटा मिळतो.) कनेक्टरच्या पत्र्यांवर मीटर धरलं, तेव्हा खोली २८ होती. रीडिंग १०.८ किलोओहम. यायला हवं होतं ८.८. बोर्डाच्या नजरेने १०.८ म्हणजे साडेतेवीस अंशांच्या आत-बाहेर. २४ चं लक्ष्य गाठलं असं समजून तो कॉम्प्रेसर बंद करत होता, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं.

आता हे जास्तीचे दोन किलोओहम सेन्सरच्या डोक्यात आहेत की वाटेत? यासाठी दोन वाट्या पुरतात. एकीत चुरलेला बर्फ आणि थोडं पाणी, नीट ढवळलेलं, म्हणजे शून्य अंश. दुसरीत थर्मामीटर लावून ५० अंशांचं पाणी. सेन्सरचं टोक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आधी एकीत, मग दुसरीत दोन-तीन मिनिटं धरायचं, कनेक्टर मात्र कोरडा ठेवायचा. चांगला सेन्सर बर्फात ३३ किलोओहमच्या आसपास आणि ५० अंशांना ३.६ च्या आसपास दाखवतो. इथे बर्फात ३५ च्या पुढे आलं. एवढा फरक सेन्सरच्या नेहमीच्या फरकातही खपून जातो. पण गरम पाण्यात ५.६ आलं. दोन्हीकडे तेच दोन किलोओहम जास्त! थर्मिस्टर स्वतः बिघडला असता तर चूक त्याच्या रोधाच्या प्रमाणात वाढली-घटली असती. ती सारखी राहते याचा अर्थ वाटेत कुठेतरी खराब जोड आहे. कनेक्टर निरखून पाहिला, तर एका पत्र्यावर, वायर जिथे दाबून बसवलेली असते तिथे, हिरवी बुरशीसारखी गंज चढली होती. पत्रा कापून नवा बसवला, रीडिंग ८.८. सेन्सर तोच, गॅस तोच, आणि एसी २४ पर्यंत जाऊन थांबू लागला.

हीच गंज पत्रा आणि बोर्डाची पिन यांच्यामध्ये असेल तर सोडवलेल्या कनेक्टरवर मोजून ती सापडत नाही, कारण मोजताना तो जोडच उघडलेला असतो. अशा वेळी पिना साफ करून कनेक्टर दोन-चारदा आत-बाहेर करायचा आणि वागणूक बदलते का ते पाहायचं.

न थांबणाऱ्या एसीत गणित उलटं चालतं. सेन्सरच्या काळ्या आवरणाला बारीक तडा जाऊन आत ओल शिरते आणि थर्मिस्टरला समांतर एक चोरवाट तयार होते. ती ३० किलोओहमची धरा. खोली खरोखर १८ वर आलीय, सेन्सर पावणेचौदा दाखवायला हवा, पण चोरवाटेमुळे साडेनऊच्या जरा खाली दाखवतो. बोर्डाला हे २६ अंश वाटतात. २४ ची सेटिंग गाठलीच नाही म्हणून कॉम्प्रेसर चालत राहतो आणि घरातले पहाटे कुडकुडत उठतात. असा सेन्सर गरम पाण्यात जवळपास बरोबर दिसतो आणि बर्फात उघडा पडतो: ३३ ऐवजी १६ च्या आसपास. म्हणून दोन्ही वाट्या हव्यात. एकच रीडिंग घेऊन सेन्सर पास केला, तर निम्मे दोष हातातून सुटतात.

मीटर काढण्याआधी मात्र एक नजर क्लिपकडे टाका. फिल्टर धुताना सेन्सर क्लिपमधून निसटतो आणि त्याचं टोक थेट थंड कॉइलला टेकतं. मग तो खोलीचं नाही, कॉइलचं तापमान सांगतो आणि काही मिनिटांत कट. परत क्लिपमध्ये बसवला की झालं. काही रिमोटमध्येही सेन्सर असतो आणि एक बटण दाबलं की यंत्र भिंतीवरच्या ऐवजी रिमोटच्या जागेचं तापमान धरतं. रिमोट उन्हात किंवा थंड हवेच्या झोतात पडलेला असेल तर लक्षण हुबेहूब सेन्सर बिघडल्यासारखंच दिसतं.

गॅसवर यायचं तर, गॅस कमी असताना यंत्राची थंड करण्याची ताकद घटते. साहजिकच सेट तापमान गाठायला वेळ लागतो किंवा ते गाठलंच जात नाही, आणि कॉम्प्रेसर चालतच राहतो. लवकर कट होणं हे त्याच्या अगदी उलट आहे. एक अपवाद मान्य करायला हवा: गॅस कमी झाला की कॉइलच्या एका भागावर बर्फ धरू शकतो, आणि मग पाइपातला सेन्सर संरक्षणासाठी कॉम्प्रेसर थांबवतो. पण तेव्हा जाळी उघडल्यावर बर्फ डोळ्यांनी दिसतो. न थांबणाऱ्या एसीत आणखी सोपी खूण आहे. खोली नीट गार होत नाही आणि कॉम्प्रेसर थांबत नाही, तर गॅसचा संशय रास्त आहे. खोली सेटिंगच्या कितीतरी खाली जाऊनही कॉम्प्रेसर थांबत नाही, तर गॅस निर्दोष आहे, कारण कमी गॅसवर खोली एवढी गार झालीच नसती. आणि गॅस खरोखर कमी असेल तर तो कुठूनतरी गळालाय. बंद सर्किटमधला गॅस वापरून संपत नाही, म्हणून आधी गळती शोधायची.

इन्व्हर्टर एसीत तर या गोंधळामुळे नुकसानच होतं. तिथे कॉम्प्रेसर कट होण्याआधी आपला वेग उतरवतो. सेन्सरने खोटंच गार सांगितलं की तो मंद चालतो, अँपिअर कमी दिसतात, आणि मेकॅनिक त्यावरून गॅस कमी ठरवून वरून आणखी भरतो. मंद वेगावरच्या अँपिअरवरून किंवा प्रेशरवरून गॅसचा निवाडा करताच येत नाही. आधी यंत्र पूर्ण वेगाने चाललं पाहिजे, आणि त्यासाठी सेन्सर खरं बोलला पाहिजे.

बोर्ड दोषी की सेन्सर, अशी शंका उरलीच तर मेकॅनिककडे सोपा उपाय आहे. यंत्राचा सेन्सर १० किलोओहमचा असेल तर तो काढून त्याच्या जागी १० किलोओहमचा साधा रेझिस्टर लावायचा. बोर्डाला आता कायम २५ अंश दिसतात. ३० वर सेट केलं तर कॉम्प्रेसर चालू होता कामा नये, १८ वर सेट केलं तर तीनेक मिनिटांच्या विलंबानंतर तो चालू व्हायला हवा. दोन्ही नीट झालं तर बोर्ड ठीक आहे. ही फक्त चाचणी, रेझिस्टर तसाच ठेवायचा नाही.

शेवटचा मुद्दा थोडक्यात. सेन्सर ५, १०, १५, २० किलोओहमचे मिळतात आणि दिसायला सारखेच असतात. दहाच्या जागी पाचचा बसवला, तर खोली २५ असताना बोर्डाला ४१ च्या पुढचं तापमान दिसतं. एसी थांबणार नाही, आणि ४१ हे शक्य तापमान असल्याने कोडही येणार नाही. नवा सेन्सर घेताना जुन्याचा २५ अंशांचा आकडा यंत्राच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, आणि बसवण्याआधी त्यालाही त्याच दोन वाट्यांतून जाऊ द्या.