टार्गेट अंगठ्याने झाकून चार्ट बघा

"ब्रेकआउट! 500 च्या वर घ्या, 494 स्टॉपलॉस, टार्गेट 560." सोबत हिरवा बाण आणि दोन रॉकेट. शेअरच्या टिपचा असा चार्टचा स्क्रीनशॉट एकदा फिरायला लागला की सगळ्यांचे डोळे 560 वर खिळतात. माझं म्हणणं, आधी ते 560 अंगठ्याने झाका. मग एन्ट्री, स्टॉप आणि टाइमफ्रेम या तिघांचं आपसात जमतंय का, ते बघा. बहुतेक वेळा तिथेच निकाल लागतो.

हे आकडे नमुन्याचे आहेत, पण तेच धरून पुढे जाऊ. शेअर दीड महिना 472 ते 500 मध्ये फिरतोय आणि आज 500 च्या वर गेलाय. पहिल्यांदा स्क्रीनशॉटचा डावा वरचा कोपरा बघायचा. शेअरचं नाव आणि टाइमफ्रेम तिथे असते. कोपरा कापलेला असेल तर तोच चार्ट स्वतः उघडायचा, दुसरा इलाज नाही. मग पोस्टची वेळ बघायची. चार्ट डेली आणि पोस्ट दुपारी एकची असेल, तर ती शेवटची कॅन्डल अजून पूर्ण व्हायची आहे. एक वाजता 506 दाखवणारा भाव साडेतीनला 497 वर बंद होऊ शकतो. मग त्याच कॅन्डलला वर लांब शेपटी उरते आणि ज्याला दुपारी ब्रेकआउट म्हणत होते, त्याला संध्याकाळी रिजेक्शन म्हणायची वेळ येते. म्हणून डेली ब्रेकआउट बाजार बंद झाल्यावर तपासावा. वीकली असेल तर आठवड्याचा शेवटचा दिवस संपल्यावर.

आता तो 494 चा स्टॉप. सहा रुपये धोका, साठ रुपये फायदा, म्हणजे एकास दहा! इथेच थांबून विचारायचं की हा 494 आला कुठून? डेली चार्टवर त्या भावाला काहीच दिसत नाही. पंधरा मिनिटांचा चार्ट उघडला की सापडतो: सकाळी भाव जरा खाली येऊन तिथून उलटला होता. म्हणजे टार्गेट डेलीचं आणि स्टॉप पंधरा मिनिटांचा. डेली चार्टवर 14 दिवसांचा एटीआर लावा. समजा तो 12 आला. हा शेअर दिवसाला सरासरी 12 रुपये हलतो आणि आपला स्टॉप सहावर. काही बिघडलं नसतानाही तो उडण्याची शक्यता भरपूर. मग दहा दिवसांनी भाव खरोखर 560 ला जातो, पोस्ट टाकणारा "टार्गेट डन" लिहितो आणि आपण मात्र पहिल्याच दिवशी तोटा घेऊन बाहेर.

डेलीचा स्टॉप तिथे हवा, जिथे भाव आला तर कल्पनाच चुकली असं म्हणता येईल. या चार्टवर शेवटचा तळ 473 चा, म्हणून 470. धोका 30, फायदा 60, एकास दोन. चांगला सौदा आहे, फक्त जाहिरातीसारखा दिसत नाही. 494 चा स्टॉपही चालेल, पण मग टार्गेट 512 च्या आसपास ठेवून त्याच दिवशी बाहेर पडायचं.

एन्ट्रीची गंमत वेगळीच. पोस्ट 500 ची असते आणि आपल्या हाती येते तेव्हा भाव असतो 514. स्टॉप आणि टार्गेट तेच, पण आता धोका 44 आणि फायदा 46. एकास दोन असताना तीनातला एक सौदा बरोबर आला तरी ब्रोकरेज वगळता बरोबरी होते, इथे जवळपास निम्मे बरोबर यावे लागतात. तरीही घ्यायचाच असेल तर संख्या कमी करा. सौद्यात जास्तीत जास्त 3,000 रुपये घालवायची तयारी असेल, तर 500 ला 100 शेअर बसतात, 514 ला फक्त 68. किंवा 502 ला लिमिट ऑर्डर लावून भाव परत 500 जवळ यायची, म्हणजे रीटेस्टची, वाट बघा. नाही आला भाव खाली, तर सोडून द्या.

एक शब्द अजून शोधायचा: "क्लोजिंग बेसिस". 470 चा स्टॉप क्लोजिंगवर असेल तर दिवसात भाव 466 ला जाऊन परत वर आला तरी पोझिशन चालू राहते. पण भाव 458 वर बंद झाला तर 514 च्या एन्ट्रीवर तोटा 44 नाही, 56 होतो. 68 शेअरवर 3,808 रुपये. त्यामुळे अशा स्टॉपला संख्या आणखी उतरवावी लागते. आणि पोस्टमध्ये हा खुलासा नसेल तर कमेंटमध्ये विचारा. "व्ह्यू इंटॅक्ट आहे" एवढंच उत्तर आलं तर समजायचं, मुळात स्टॉप ठरलेलाच नाही.

डिलिव्हरीत साधी स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, म्हणून बरेच जण जीटीटी, म्हणजे ट्रिगरचा भाव येईपर्यंत अनेक दिवस टिकणारी ऑर्डर, लावतात. ती टाकताना ट्रिगर 470 आणि लिमिट 468 ठेवली आणि शेअर सकाळी 455 ला उघडला, तर ऑर्डर बाजारात जाते पण 468 ला घेणारा कोणी नसतो. ती तशीच पडून राहते आणि आपण पोझिशनमध्ये अडकतो. अशा सकाळी सव्वानऊला ऑर्डर बुक उघडून बघायची आणि ऑर्डर लटकलेली दिसली तर हाताने भाव बदलून बाहेर पडायचं.