नाचता येईना, दुभाष्याला सांगता येईना

बोलणारा म्हणींवर घसरला की दुभाष्याच्या पोटात गोळा येतो. स्पिंडल, बेअरिंग, हायड्रॉलिक पंप यांचे रशियन शब्द आदल्या रात्री पाठ करता येतात. म्हणींची यादी मात्र आगाऊ कोणी देत नाही. समोरचा माणूस गंमत करून मोकळा होतो आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतात. विनोद माझ्या खिशात असून मी तो उगाच दडवून ठेवलाय, असा भाव असतो त्या नजरांत.

नाशिकच्या एमआयडीसीत एक मोठं रशियन यंत्र बसवायचं काम चालू होतं, तिथे मी मराठी-रशियन अशी दोन्हीकडून बोलत होते. रशियाचे इंजिनिअर साहेब पन्नाशीचे, गंभीर चेहऱ्याचे. आमच्या बाजूने फोरमन काका, मूळचे कणकवलीकडचे. दोघांत साम्य एकच, म्हणीशिवाय घास उतरत नाही.

पहिला नग यंत्रातून निघाला. मोजला तर भोक ०.२ मिलिमीटरने मोठं. शांतता पसरली. साहेबांनी खांदे उडवले आणि म्हणाले, "पेर्वी ब्लिन कोमम." म्हणजे पहिल्या ब्लिनचा गोळा होतो. ब्लिन हे त्यांचं पातळ धिरडं. तवा नीट तापलेला नसतो, तेल मुरलेलं नसतं, म्हणून पहिलं बिघडतं. आता म्हणींच्या यादीत याच्यासमोर काय लिहितात? "प्रथमग्रासे मक्षिकापातः". अर्थ बघितला तर दोन्हीकडे सुरुवातच बिघडली, हिशेब चोख. पण साहेब ते वाक्य म्हणाले कसं, ते बघा. त्यात दिलासा होता, दुसरं चांगलं निघेल असा. आपली माशी घासात पडते तेव्हा कोणी दिलासा देत नाही. कपाळाला आठ्या पडतात, सगळं जेवणच नासणार अशी खात्री होते. मी माशी पाडली असती तर काकांनी त्याच क्षणी यंत्रापुढे नारळ फोडायला माणूस पिटाळला असता, लिंबू-मिरची वेगळी.

म्हणून मी म्हणाले, "काका, साहेब म्हणतायत, पहिलं घावन तव्याला चिकटायचंच."

काकांनी मान डोलावली. "बरोबर हा."

ही म्हण नाही, कोशात सापडणार नाही. पण म्हणीने जे काम करायचं ते झालं. समानार्थी म्हण शोधताना मी अर्थाआधी हे बघते की बोलणारा पाठीवर हात ठेवतोय की कान पिळतोय. अर्थ जुळला आणि हात चुकला, तर त्या जोडीचा उपयोग शून्य. जाता जाता, रशियात तुम्हाला कोणीतरी हटकून सांगेल की ही म्हण मूळची वेगळी, 'कोमी' म्हणजे अस्वलं आणि पहिला ब्लिन त्यांना वाहायचा असे. गोष्ट गोड आहे, भाषेचे अभ्यासक तिला विचारत नाहीत.

दुपारी आमचा ऑपरेटर म्हणाला, चूक यंत्राची नाही आणि त्याचीही नाही, खालचं फाउंडेशनच लेव्हलला नाही. काकांनी तोंडातली सुपारी गालात सरकवली आणि जाहीर केलं, "नाचता येईना, अंगण वाकडे!" सगळे हसले. साहेब माझ्याकडे वळले. "काय म्हणाले?"

इथे शब्दशः सांगणं म्हणजे संकट. "अंगण वाकडं आहे" असं रशियनमध्ये म्हटलं असतं तर साहेबांनी बॅगेतून लेव्हल काढून गुडघे टेकले असते आणि संध्याकाळपर्यंत फरशी मोजली असती. सुदैवाने रशियन भाषेत याच नर्तकाचा सख्खा भाऊ आहे. "प्लखोमु तान्त्सोरु...", वाईट नाचणाऱ्याला अडचण होते ती... आणि इथे माझं सुदैव संपलं. रशियात ती अडचण अंगणाची नसून त्याच्याच देहातल्या एका जोडअवयवाची असते. चारचौघांत "पाय" म्हणतात. पण पाय म्हणताना रशियन माणसाच्या ओठांवर जे हसू फुटतं, त्यावरून मूळ अवयव पाय नव्हे हे कोणालाही कळावं.

काकांनी तर घरंदाज म्हण वापरली होती, शाळेच्या पुस्तकात शोभणारी. तिच्या बदल्यात साहेबांच्या पदरात काय घालायचं? मी म्हणीचा पहिला अर्धा भाग म्हणाले आणि थांबले. रशियन माणसं म्हण अर्धीच टाकतात, उरलेली ऐकणाऱ्याने मनात पुरी करायची. साहेबांनी ती केली. गंभीर चेहरा कानापर्यंत लाल झाला आणि मग यंत्राला टेकून ते हसत राहिले. काका खूश. एवढ्या साध्या म्हणीला परदेशात इतकी किंमत आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

अर्धी म्हण दुसऱ्या दिवशीही कामी आली. विक्रीचे मॅनेजर, यंत्र अजून पास झालेलं नसताना, पुढच्या तिमाहीच्या ऑर्डरी फळ्यावर लिहीत होते. साहेब कुजबुजले, न मारलेल्या अस्वलाचं कातडं वाटून घेताहेत. याला मराठीत अगदी मापाचा जोड आहे, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. अस्वल अजून जंगलात, तूर अजून बाजारात, आणि इकडे वाटणीची मारामारी. पण मॅनेजरसाहेबांचं आडनाव मी इथे सांगत नाही. एवढंच म्हणते, ती म्हण त्यांच्यासमोर पुरी उच्चारण्यासारखी नव्हती. "बाजारात तुरी..." म्हणून मी खोकले. त्यांनी डस्टर उचललं.

हे सगळं तोंडी कामाचं. पुस्तक भाषांतराला घेतलं की नियम उलटतात. "आजीने दोन्ही बाजूंनी सांगितलं" ही रशियन म्हण, म्हणजे काही खरं नाही, होईल किंवा नाही. आपल्याकडे तयार आहे, नरो वा कुंजरो वा. पण मॉस्कोचा टॅक्सीवाला धर्मराजाचं संस्कृत बोलू लागला तर वाचक पुस्तक मिटून मुखपृष्ठ पुन्हा तपासेल. तिथे आजीच बरी. तसंच "स्वतःचा समोवार घेऊन तुलाला जाऊ नये". समोवार म्हणजे चहाचं पाणी उकळायचा त्यांचा बंब, आणि तुला हे समोवारांचंच गाव. ही म्हण मी आहे तशी ठेवते, ती आपली आपण उलगडते. देव, गावं आणि जाती यांची भाषांतरात अदलाबदल करू नये, असं माझं मत आहे.

कधीकधी आयती लॉटरीही लागते. यंत्राभोवती घोळका जमून जो तो सल्ला देऊ लागला तेव्हा साहेब वैतागले, "सात दायांचं मूल डोळ्याविना." मी श्वासही न घेता म्हणाले, "सात सुगरणी, भाजी अळणी." आकडासुद्धा तोच! इंग्रजीतून वळसा घेतला असता तर हा सात वाटेतच सांडला असता, तिथे आचारी नुसते "फार" असतात.

शेवटच्या दिवशी क्रेनवाला कंत्राटदार आलाच नाही. काका कडाडले, "येऊ दे, त्याला इंगाच दाखवतो!" मी तत्काळ कुझ्किना मात, म्हणजे कुझ्काची आई, दाखवली. १९५९ साली मॉस्कोत ख्रुश्चेव्हने निक्सनला हीच आई दाखवायची धमकी दिली होती. ती शब्दशः इंग्रजीत गेली आणि ही बाई कोण, हे अमेरिकनांना कळेना. आपल्याकडे मात्र क्रियापदही तेच, दाखवणे.

साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी वही काढली. इंगा म्हणजे नेमकी कसली वस्तू, दिसते कशी, काकांना विचारून सांगा म्हणाले. मी विचारलं.

काकांनी थोडा विचार केला. "आधी तेका इचार गो बाय, तो कुझको कोण आणि तेची आवस काय करी."