चारशे हॅशटॅगची यादी आणि वहिनींचा पासवर्ड

«‼️ सर्व उद्योजक भगिनींसाठी ‼️ इन्स्टाग्रामने ४०० हॅशटॅग गुपचूप बॅन केले आहेत. यातला एक जरी वापरला तरी १४ दिवस तुमचे अकाउंट कोणालाच दिसत नाही. खालील लिंकवर लॉगिन करून आपले हॅशटॅग लगेच तपासा. जुन्या सगळ्या पोस्टमधले हॅशटॅग काढा व ४८ तास ॲप उघडू नका. जास्तीत जास्त भगिनींना पाठवा 🙏»

हा मेसेज बरेच दिवस फिरतोय आणि मी तो न वाचता पुढं सरकवत होते. पण आता तो आमच्या वहिनींपर्यंत पोचला. वहिनी नारायण पेठेत शिवलेल्या नऊवारी विकतात. गणपतीच्या आधीचे दोन महिने हा त्यांचा खरा सीझन, कारण ढोल-ताशा पथकातल्या मुलींना तासन् तास वाजवताना सुटणार नाही अशी शिवलेली नऊवारी हवी असते. नेमकी तेव्हाच रील्स कमी बघितल्या जायला लागल्या आणि ग्रुपवर हे आलं. वहिनींनी लिंक उघडली, युजरनेम टाकलं आणि पासवर्डसुद्धा टाकला. त्यामुळे यादीचं नंतर, आधी त्या लिंकचंच बोलू.

एखाद्या हॅशटॅगवर बंधन आहे का, हे बघायला तुमचा पासवर्ड कुणालाही लागत नाही. बंधन हॅशटॅगवर असतं, तुमच्या अकाउंटवर नसतं. समोरचं दुकान उघडं आहे का ते बघून येतो, पण त्यासाठी तुमच्या घराची किल्ली द्या, असं कुणी म्हणालं तर आपण काय समजतो?

यावर ग्रुपमधल्या एक बाई म्हणाल्या की ती साइट चारशे हॅशटॅग एका मिनिटात तपासते, म्हणजे तिच्याकडे काहीतरी सोय असणारच. सोय आहे, पण तिच्या मर्यादा इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने स्वतःच लिहून ठेवल्या आहेत. बाहेरच्या ॲपना हॅशटॅग शोधण्यासाठी `ig_hashtag_search` नावाची अधिकृत खिडकी आहे. तिच्या माहितीत म्हटलंय की एका अकाउंटवरून सात दिवसांत जास्तीत जास्त ३० वेगवेगळे हॅशटॅग विचारता येतात. आता हिशोब करा. चारशे हॅशटॅग त्या खिडकीतून विचारायचे तर निदान चौदा अकाउंट लागतील, आणि तीही आठवडाभरासाठी तिथंच संपतील. तुमच्यासारख्या शेकडो जणी रोज तपासत असतील तर? म्हणजे एक तर ती साइट काहीच तपासत नाही, कुठूनतरी उचललेली यादी तुमच्या शब्दांशी जुळवून लाल-हिरवा रंग दाखवते. नाही तर तिला सतत नवी अकाउंट लागतात, आणि ती कुठून येतात हे वहिनींना विचारा.

त्याच माहितीत आणखी एक ओळ आहे. मेटाला संवेदनशील किंवा आक्षेपार्ह वाटणारा हॅशटॅग विचारला तर कारण न सांगता नुसती सर्वसाधारण एरर येते. म्हणजे प्रामाणिकपणे बनवलेल्या साधनालाही "हा बॅन आहे, तो १४ दिवसांसाठी" असं उत्तर मिळत नाही. शिवाय अधिकृत मार्गाने जाणारं साधन तुम्हाला मेटाच्याच लॉगिन पानावर नेऊन परवानगी मागतं, स्वतःच्या चौकटीत पासवर्ड लिहून घेत नाही. पत्त्याच्या पट्टीत instagram.com किंवा facebook.com नसेल तर तिथं पासवर्ड टाकायचा नाही.

वहिनींचं नशीब चांगलं, लगेच कळलं. आधी पासवर्ड बदलला. मग सेटिंगमध्ये Accounts Center, त्यात Password and security, त्यात Where you're logged in. तिथं एक अनोळखी फोन दिसत होता, त्याला बाहेर काढलं. अकाउंटला जोडलेला ईमेल आणि नंबर आपलाच आहे ना हे बघितलं, कारण चोर सगळ्यात आधी तेच बदलतो, म्हणजे पासवर्ड परत मिळवायचा मेसेज त्याच्याकडेच जातो. शेवटी टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डशिवाय एक कोडही मागणारी सोय, चालू केलं. ईमेल बदललेला असता तर security@mail.instagram.com वरून आलेल्या मेलमधून तो बदल उलटवता येतो. अकाउंट हातचं गेलंच असेल तर instagram.com/hacked, आणि पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० वर फोन, तोही ताबडतोब.

आता मेसेजसोबत फिरणारी ती यादी. तिच्यात #desk आहे, #pushups आहे, #alone आहे. असल्या याद्यांमध्ये हेच शब्द मी वर्षानुवर्षं बघतेय, फक्त वरचं शीर्षक नवं असतं. इन्स्टाग्राम अशी यादी प्रसिद्धच करत नाही. शिवाय बंधनं येतात आणि जातात. जुलै २०१५ मध्ये #curvy शोधात दिसेनासा केला होता, कारण त्याखाली अश्लील मजकूर येत होता. आरडाओरडा झाल्यावर काही दिवसांत परत आला. त्या महिन्यात कुणी यादी केली असती तर ती पुढच्या महिन्यात चुकीची ठरली असती. तुमच्या हातातली यादी कधीची आहे, हे तिच्यावर कुठंच लिहिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते, आणि मेसेजवाल्यांना तेवढं श्रेय द्यायला जिवावर येतं: "गुपचूप" हा शब्द खोटा नाही. #sikh हा हॅशटॅग ७ मार्च २०२० ला फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बंद झाला आणि जूनमध्ये लोकांनी बोंब मारली तेव्हा कुठं उघडला. इन्स्टाग्रामने माफी मागितली आणि सांगितलं की एका तक्रारीची तपासणी चुकीची झाली होती. जवळपास तीन महिने एका धर्माचं नाव बंद होतं आणि ते वापरणाऱ्यांना कुणी कळवलं नाही. मे २०२१ मध्ये #AlAqsa चं तसंच झालं. एका दहशतवादी संघटनेच्या नावात तो शब्द होता, म्हणून जेरुसलेममधल्या अल-अक्सा मशिदीचं नावच अडवलं गेलं. तर हो, निरपराध शब्द अडकतो आणि नोटिफिकेशन येत नाही. पण यातून "तपासत राहा" एवढंच निघतं, "लॉगिन करा" हे निघत नाही.

चौदा दिवसांचा आकडा कुठून आला देव जाणे. अडकलेला हॅशटॅग लावला तर तुमची पोस्ट त्या हॅशटॅगच्या पानावरून मिळणाऱ्या प्रेक्षकांना मुकते. तुमचे फॉलोअर तुम्हाला बघतच असतात. अख्खं अकाउंट किंवा एखादी पोस्ट शिफारशीतून वगळणं ही वेगळी गोष्ट आहे. एप्रिल २०१९ पासून इन्स्टाग्राम उघडपणे सांगतंय की नियम न मोडणारा पण अयोग्य वाटणारा मजकूर एक्सप्लोरमध्ये आणि हॅशटॅगच्या पानांवर पुढं केला जाणार नाही. तसं तुमच्याबाबत झालंय का, हे बघायला डिसेंबर २०२२ पासून व्यावसायिक अकाउंटना Account Status मध्ये सोय आहे. पोस्टमुळे अडचण असेल तर पोस्ट दिसते आणि फेरविचाराची विनंतीही करता येते. हॅशटॅगची नावं मात्र तिथं मिळत नाहीत, ती हातानेच बघावी लागतात.

वहिनींचं आम्ही असंच बघितलं. Account Status स्वच्छ होतं. मग त्यांचे नेहमीचे हॅशटॅग एकेक करून शोधले: #nauvari, #नऊवारी, #dholtasha, असे. शोधपट्टीत स्पेलिंग तंतोतंत टाकायचं आणि हॅशटॅगचं पान उघडायचं. पान आलंच नाही, किंवा काही पोस्ट लपवल्याचा मजकूर आला, तर त्या शब्दावर बंधन आहे असं धरायचं. आपलं ॲपच अडखळत नाही ना हे कळायला सोबत #pune उघडून बघायचं. नुसता इशारा आला तर घाबरायचं कारण नाही. जंगली प्राण्यांसोबतच्या सेल्फीच्या हॅशटॅगवर २०१७ पासून असा इशारा येतो, तो बघून पुढं जाता येतं.

आणि हॅशटॅगच्या पानावर आपली पोस्ट दिसली नाही म्हणजे आपण बॅन झालो, असंही नाही. #pune सारख्या अवाढव्य हॅशटॅगमध्ये कुणाचीच साधी पोस्ट वर येत नाही. तपासायचंच असेल तर थोड्याच पोस्ट असलेला हॅशटॅग घ्या आणि तुम्हाला फॉलो न करणाऱ्या मैत्रिणीच्या फोनवरून बघा. अकाउंट प्रायव्हेट असेल तर तेही करू नका, त्या पोस्ट हॅशटॅगखाली बाहेरच्यांना दिसतच नाहीत.

वहिनींचा एकही हॅशटॅग अडकलेला निघाला नाही. मग इनसाइट्स उघडल्या. फॉलोअर नेहमीइतकेच बघत होते, बाहेरचे घटले होते. इथंच बहुतेक जण हॅशटॅगवर खापर फोडून मोकळे होतात. पण त्यांच्या फोटोंनाही अगदी तेच हॅशटॅग होते आणि फोटो नेहमीसारखे चालत होते. पडल्या होत्या फक्त रील्स, त्याही अलीकडच्या. नीट बघितलं तर त्यांच्या कोपऱ्यात दुसऱ्या एका ॲपचा वॉटरमार्क होता, भाचीने व्हिडिओ तिथून उतरवून दिले होते. दुसऱ्या ॲपचं चिन्ह दिसणाऱ्या रील्सची शिफारस कमी करू, हे इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच सांगितलंय. आता त्या मूळ व्हिडिओवरून पुन्हा करतायत.

उरलेल्या दोन सूचना. सगळ्या जुन्या पोस्टमधून हॅशटॅग काढायचे कारण नाही. एखादा अडकलेला सापडलाच तर कॅप्शन एडिट करून तेवढाच काढा, पोस्ट डिलीट करू नका. आणि ४८ तास ॲप न उघडणं म्हणजे सीझनमध्ये दोन दिवस मापं विचारणाऱ्या मुलींना उत्तर न देणं. शिवाय लिंकवर पासवर्ड टाकून मग ४८ तास ॲप उघडायचं नाही, यात सोय नक्की कुणाची आहे, ते ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या ताईंनी सांगावं.