वाटीवर नाव आहे ना, मग झालं!

मुलीच्या लग्नाच्या सामानाची यादी करायला बसलात? मग भांड्यांपासून सुरुवात करा, म्हणजे सगळी हौस तिथेच फिटते. भांडेवाला मशीनने टकटक करत ठिपक्याठिपक्यांचं नाव घालून देतो: 'चि. सौ. कां. अमुक हिस मामांकडून सप्रेम भेट', खाली तारीख. साठ रुपयांची वाटी, पण कोणी, कोणाला, कधी दिली ते जन्मभर पुसायचं नाही. एवढं झाल्यावर हात दुखतो, तेव्हा पुढचं उरकून टाका.

पैठणीपुढे लिहा: प्रसंग सीमांतपूजन, स्थिती नवी, ठिकाण कपाट. नव्याला तारीख कशाला? दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच ती घट्ट बांधा आणि डांबराच्या गोळ्या थेट जरीवर टाका. चांदीची जर काळी पडते म्हणतात, पडू दे. मलमलीच्या फडक्यात गुंडाळणं, तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घालणं, हे आजीचे चोचले. पाच वर्षांनी पदर घडीवर चिरला तरी यादीत साडी नवीच असते.

दागिन्यांत तर अगदी थोडक्यात: 'तोडे, 5 तोळे'. पावतीवर एकूण वजन 50 ग्रॅम आणि निव्वळ सोनं 38 ग्रॅम असं वेगळं लिहिलेलं असेल, कारण आत लाख भरलेली असते. तुम्ही मोठाच आकडा घ्या, भारदस्त दिसतो. पुढे कधी सराफाने लाख काढून तोडे जोखले की 12 ग्रॅम कोणी खाल्ले यावर दोन्ही घरांत छान करमणूक होईल. हॉलमार्कशेजारचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, उतरवू नका, त्याला भिंग लागतं. ठिकाण 'लॉकर'. कोणाच्या नावचा, हे विचारणं बरं दिसत नाही.

सरकारलाही उद्योग नाहीत. हुंडाबंदीच्या 1985 च्या नियमांप्रमाणे लग्नातल्या भेटींची लेखी यादी हवी: वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असल्यास ते, आणि खाली वधूवरांच्या सह्या. जावयाकडे सही मागायची? केवढा अविश्वास! कार्यालयवाला मात्र निघताना चमचे मोजून तुमचीच सही घेतो, पण तो परका.

स्त्रीधन सासरी ठेवलं तरी ते तिचंच, असंही सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच सांगून ठेवलंय. म्हणजे काळजी मिटली. कधी वकिलांनी विचारलंच, 'ताई, माहेरून काय काय आणलं होतं, काही पुरावा?' तर तिने पिशवीतून वाटी काढून टेबलावर ठेवावी. मामांचं नाव अजून स्वच्छ वाचता येतं.