चौकटींच्या घनफुटाबद्दलच्या तक्रारीला वखारीच्या मालकाचं उत्तर

"एक स्टार. चार दारांच्या आणि तीन खिडक्यांच्या सागवानी चौकटी घेतल्या. बिलात १०.८० घनफूट लावले. घरी टेप लावून हिशोब केला तर ७.८६ भरतात. जवळजवळ तीन घनफुटांचे पैसे जास्त घेतले. विचारायला गेलो तर काउंटरवरच्या माणसाने 'माप बरोबर आहे' एवढंच सांगून पाठवलं. सांगलीत घर बांधणाऱ्यांनी सावध राहा."

नमस्कार साहेब,

तुम्हाला मनस्ताप झाला आणि काउंटरवर नीट उत्तर मिळालं नाही, याबद्दल मनापासून माफी मागतो. मी तेव्हा मिरजेला गेलो होतो आणि दारात मालाची गाडी खाली होत होती. तरी गिऱ्हाइकाला बसवून दोन मिनिटं बोलायला हवं होतं, ते मी आमच्या माणसाला सांगितलं आहे.

मापाबद्दल मात्र मला गप्प बसता येत नाही. लाकडाच्या धंद्यात मापावरचा विश्वास गेला की काहीच उरत नाही. तुमचं लिहिणं वाचून दुसरी गिऱ्हाइकं फोनवर विचारतायत की तुमच्याकडे घनफुटात असं होतं का. म्हणून सगळा हिशोब इथेच मांडतो. लांबेल, पण कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

तुम्ही आमच्या फोनवर हिशोबाच्या कागदाचा फोटो पाठवला होतात. त्यातली रीत अगदी बरोबर आहे. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार आणि त्याला भागिले १४४. एक फूट बाय एक फूट तोंड म्हणजे १४४ चौरस इंच, म्हणून हा आकडा. बरेच जण लांबीही इंचात घेतात आणि १४४ नेच भागतात, मग उत्तर बारापट येतं. तिन्ही इंचात असतील तर १७२८ ने भागावं लागतं. तुम्ही ती गफलत केलेली नाही. फरक पडलाय तो रीतीत घातलेल्या आकड्यांमुळे.

आधी आमचं बिल सांगतो. दारांची साईज पाच बाय अडीच, म्हणजे साडेबारा चौरस इंच. दार बाहेरून बाहेर तीन बाय सात फूट, उंबरठा नको असं तुम्हीच सांगितलेलं. एका दाराला साडेसात फुटांचे दोन उभे आणि साडेतीन फुटांचा एक आडवा, मिळून साडेअठरा रनिंग फूट. १८.५ गुणिले १२.५ भागिले १४४ म्हणजे १.६०६ घनफूट, चार दारांचे ६.४२. खिडकी चार बाय चार, साईज चार बाय अडीच, म्हणजे दहा चौरस इंच. साडेचार फुटांचे दोन आडवे, चार फुटांचे दोन उभे आणि चार फुटांचा एक मधला उभा, मिळून २१ फूट. २१ गुणिले १० भागिले १४४ म्हणजे १.४५८, तीन खिडक्यांचे ४.३७५. दोन्हींची बेरीज १०.८०.

आता तुमच्या कागदावर खिडकीचे सोळाच फूट धरलेत, चार बाजू चार-चार फुटांच्या. मधला उभा त्यात नाही. साहेब, तो उभा मूळ ऑर्डरमध्येही नव्हता. घरी बोलून तुम्हीच नंतर फोन केलात की एवढ्या रुंद खिडकीला दोन दारं हवीत, मध्ये उभा टाका. तो टाकला, बसवलाही, आणि हिशोबात मात्र आला नाही. तुमच्याच मापाने तीन खिडक्यांचे हे तीन उभे ०.७० घनफूट होतात.

सगळ्यात मोठा फरक रंध्याचा आहे आणि खरं दुखणं तिथेच आहे. सुताराकडे उरलेला तयार तुकडा घेऊन तुम्ही साईज मोजलीत. दाराची पावणेपाच बाय सव्वादोन आली, खिडकीची पावणेचार बाय सव्वादोन. तुमचा टेप चुकलेला नाही, एवढीच भरणार. करवतीवरून निघालेलं लाकूड खरखरीत असतं, त्यावर करवतीच्या रेघा असतात, कुठे किंचित पीळ असतो. ते सरळ आणि गुळगुळीत करायला प्रत्येक बाजूने साधारण एक सूत जातं. समोरासमोरच्या दोन बाजूंचं मिळून दोन सूत, म्हणजे पाव इंच. भिंतीकडची बाजू कशाला रंधायची असं तुमचे मिस्त्रीही म्हणाले होते. पण मशीनवर तीही एकदा सरळ करावी लागते, नाहीतर चौकटीची जाडी सगळीकडे सारखी येत नाही आणि दार बसवताना त्रास होतो.

पाव इंच ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो दोन्हीकडून जातो. पाच इंचातून पाव गेला म्हणजे विसावा भाग. अडीच इंचातून तेवढाच पाव गेला म्हणजे दहावा भाग. १२.५ चौरस इंचाचे १०.६९ उरतात, म्हणजे जवळजवळ सातवा हिस्सा भुसकटात गेला. साईज जितकी बारीक तितकी ही घट जास्त लागते. तुमच्या खिडक्यांच्या लाकडात ती दारांपेक्षा थोडी जास्तच आहे. तुमच्या पूर्ण मालावर हा फरक दीड घनफुटाचा आहे. तीनातला निम्मा इथेच मिळाला.

उरला पाऊण घनफुटाला थोडा कमी, तो लांबीचा. चौकट बसल्यावर तुम्ही जमिनीपासून वर सात फूट मोजलेत. उभ्याचा पाय फरशीखाली दोन इंच गेलाय, तो आता दिसणार नाही. आडव्याला दोन्हीकडे तीन-तीन इंचांचे कान आहेत. ते भिंतीत घेतल्यामुळे चौकट हलत नाही, आणि गिलाव्यानंतर तेही दिसत नाहीत. म्हणून तीन फुटांच्या दाराला साडेतीन फुटांचा आडवा लागतो आणि चार फुटांच्या खिडकीला साडेचार फुटांचा. उभा प्रत्यक्षात सात फूट दोन इंच लागतो. पण आमच्याकडे लाकूड अर्ध्या फुटाच्या टप्प्याने मोजतात, त्यामुळे साडेसात धरलं. वरचे चार इंच फुकट जात नाहीत असं मी म्हणत नाही. सागाच्या टोकाला बारीक तडे असतात आणि ते कापूनच कूस काढावी लागते. कूस आडव्याच्या भोकातून आरपार जाते, म्हणून कोपऱ्यावरचं लाकूड उभ्यातही विकत घ्यावं लागतं आणि आडव्यातही. भोकातून निघालेलं सुताराच्या पटाशीखाली जातं. उभ्या चौकटीला टेप लावून विकत घेतलेलं लाकूड सापडत नाही, ते याचमुळे.

०.७०, १.५१ आणि ०.७३ यांची बेरीज २.९४ होते. तुमच्या आणि आमच्या आकड्यातला फरकही तेवढाच आहे. आता यातलं कुठलं लाकूड आम्ही ठेवून घेतलं ते मला दाखवा.

पैशाचंही बोलतो. भाव २६०० रुपये घनफूट लावला, १०.८० चे २८,०८० झाले. हा भाव कच्च्या, म्हणजे करवतीच्या मापाचा आहे आणि पहिल्या दिवशी तोंडी तसं सांगितलं होतं. मधले उभे धरून तुमच्या टेपने ८.५६ घनफूट भरतात. त्याच लाकडाचं बिल त्या मापावर करायचं तर भाव साधारण ३२८० लावावा लागेल आणि रक्कम तीच येईल. काही ठिकाणी तयार मापावर भाव सांगतात, त्यात गैर काही नाही. पण एका दुकानाचा कच्च्या मापाचा भाव आणि दुसऱ्याचा तयार मापाचा भाव शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवू नका. आणि आमचा कच्च्या मापाचा भाव घेऊन तयार माप लावलंत, तर आम्ही चोरच दिसणार.

तुम्ही लोकांना सावध राहायला सांगितलंत, तर कुठे सावध राहायचं तेही माझ्याकडून ऐका. आमच्या धंद्यात खोट होत नाही असं नाही. ती होते ती रंध्याच्या आधी. पावणेपाच बाय सव्वादोन कापलेलं लाकूड पाच बाय अडीच म्हणून बिलात घालायचं, आणि रंधा मारल्यावर ते साडेचार बाय दोन राहतं. म्हणून टेप लावायचा तो करवतीच्या रेघा अंगावर असताना, दोन्ही टोकांना आणि मध्ये. एका टोकाला पाच आणि दुसऱ्या टोकाला साडेचार असेल तर तो नग परत करा. ओलं लाकूड असेल तर वाळताना रुंदीत आणि जाडीत थोडं आटतं, लांबीत जवळपास नाही. त्यामुळे चांगला वखारवाला कापतानाच सूतभर जास्त ठेवतो. तुमच्या नगांना तुम्ही स्वतः आमच्या आवारात टेप लावला होता, तुमचे मिस्त्री सोबत होते, आणि 'चालेल' म्हणूनच माल रंध्यावर गेला. ते तुम्ही लिहिलं नाहीत, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

घर बांधताना माणूस किती ठिकाणी पैसे मोजतो हे मला कळतं, आणि प्रत्येक आकडा तपासून बघणं तुमचा हक्क आहे. यापुढे बिलावर नगवार साईज आणि लांबी लिहायची आणि 'कच्चं माप' असं स्पष्ट टाकायचं असं ठरवलं आहे. बिलाचा नमुना बदलायला थोडा वेळ लागेल. कान आणि फरशीखालची लांबी आधी समजावून सांगायचंही बघतो.

तुमच्याच लॉटमधले पाच बाय अडीचचे काही नग अजून न रंधता आवारात आहेत. येताना तो उरलेला तुकडा आणि तुमचा टेप घेऊन या, तुमच्या मिस्त्रींनाही आणा. रविवार सोडून कधीही या, मी स्वतः असेन. कच्चा नग पाच बाय अडीचपेक्षा कमी भरला तर त्या हिशोबाने फरकाचे पैसे तिथेच परत देतो. भरला, तर वरच्या तुमच्या लिहिण्यात मधल्या उभ्यांचं आणि कच्च्या मापाचं तेवढं घाला, एवढी विनंती आहे.

मालक, लाकडाची वखार, सांगली