फोटोतून माणूस गायब झालाय? संपादकांना पत्र लिहायची खात्रीशीर पद्धत

तुमच्या घरातलं कोणी पेपरात छापलेल्या फोटोतून गायब झालंय का? नसेल झालं तर घाई करू नका, होईल. आमच्याकडे आत्या झाली. रविवारी इंदूरला रामबागेजवळच्या हॉलमध्ये मंडळाच्या कार्यक्रमात सात जणांमध्ये उभी होती, मी स्वतः समोर खुर्चीत बसून पोहे खात बघत होतो, आणि मंगळवारी पेपरात सहाच जण उभे. तेव्हापासून मी संपादकांना पत्र लिहितोय. त्यातून जे शिकलो ते फुकट देतो, घ्या.

पहिली गोष्ट, पेपर लगेच रद्दीत द्या. तारीख, पान नंबर, कोणती आवृत्ती, कितवा कॉलम, हे लिहून ठेवायची काही गरज नाही. संपादक रोज शेकडो फोटो छापतात, तुम्ही "परवाच्या पेपरातला तो फोटो" म्हटलं की त्यांना बरोबर आठवेल.

दुसरी, पत्राची सुरुवातच आरोपाने करा. "आपण जाणूनबुजून आमच्या आत्याला पुसलं आहे" असं पहिल्याच वाक्यात ठोका. चुकूनसुद्धा असं लिहू नका की "फोटोत डावीकडून दुसऱ्या आणि चौथ्या व्यक्तीच्या मध्ये एक व्यक्ती होती, छापलेल्या फोटोत ती दिसत नाही." असं लिहिलं तर समोरच्याला चिडायला जागाच उरत नाही, आणि न चिडता उत्तर देणं फार अवघड काम आहे, कशाला त्यांना त्रास द्यायचा.

तिसरी, क्रॉप आणि पुसणं एकच आहे असं समजा. फोन केला तर पलीकडचा मुलगा तुम्हाला हेच सांगणार, "भिया, जगह नहीं थी, क्रॉप हो गया होगा." मान डोलवा. आता क्रॉप म्हणजे कडेने कापणं, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, हे शाळेत चिकटकाम केलेल्या पोरालाही कळतं. कडेचा माणूस क्रॉपमध्ये जातो, नेहमी जातो, माझं तर अर्धं आयुष्य फोटोच्या कडेला अर्ध्या कानाएवढं गेलंय, मी कधी तक्रार केली? पण आत्या डावीकडून तिसरी होती. दोन्ही बाजूचे लोक जागेवर ठेवून मधला माणूस काढणारी कात्री मला तरी अजून बाजारात मिळालेली नाही.

चौथी, फोटो झूम करून बघू नका. कागदावर तर काही दिसतही नाही, पेपरची छपाई म्हणजे ठिपके, ठिपक्यांत सगळी पापं धुऊन निघतात. ई-पेपरवर मात्र दिसतं, म्हणून तिकडे जाऊच नका. मी गेलो ही चूक झाली. मागे स्टेजवर झेंडूची माळ होती, तिच्यात एक फूल होतं अर्धं सुकलेलं आणि त्याला चिकटलेलं एक वाकडं पान. ते फूल आत्याच्या जागी तीन वेळा आहे. तेच फूल, तेच पान, तोच वाकडेपणा, एकाखाली एक, जसा शिक्का मारावा तसं. रिकामी जागा भरायला शेजारचा तुकडा उचलून चिकटवला की हे असंच होतं, माळेत, फरशीत, पडद्याच्या चुण्यांत. शेजारच्या काकूंच्या कोपरावर चार बोटं आहेत. अंगठा नाही, हात नाही, मनगट नाही, चार बोटं. आणि काठी! आत्याची ती स्टीलची, खाली चार पाय असलेली काठी, ती तिथेच आहे. पुसणाऱ्याला वाटलं असेल माइकचा स्टँड आहे. माणूस गेला पण काठी स्वतःच्या पायावर उभी आहे, आणि नगरसेवक तिच्याकडे बघून हसतायत.

पाचवी, आणि इथे जरा बसून वाचा, कारण माझं डोकं इथे फिरलं. फोटोखालच्या ओळी अजिबात वाचू नका. पुसणाऱ्याने फोटो पुसला, ओळ पुसायची विसरला. खाली लिहिलंय "बाएं से" आणि सात नावं. फोटोत माणसं सहा. आता मोजा माझ्याबरोबर. पहिल्या दोघी महिला मंडळाच्या काकू, त्यांची नावं बरोबर. तिसरं नाव आत्याचं, आणि तिसरा चेहरा आता कोणाचा, तर आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचा, मिशांसकट. म्हणजे शहरभरच्या वाचकांना त्या सकाळी कळलं की श्रीमती अमुक अमुक, वय वर्षे 78, मंडळाच्या माजी खजिनदार, यांना चांगल्या जाड मिशा आहेत. अध्यक्षांचं नाव गेलं नगरसेवकांच्या तोंडाखाली, नगरसेवकांचं सेक्रेटरींच्या खाली, सेक्रेटरींचं अध्यक्षांच्या भाच्याखाली, आणि भाच्याचं नाव बिचारं कडेला पडलं, त्याला चेहराच उरला नाही. एक म्हातारी काढली तर चार पुरुष चुकीच्या नावाने छापले गेले! आणि हे पान लागताना कोणी एक माणूस, फक्त एक, बोटाने मोजून सहा आणि सात म्हणाला नाही? दुसरीतला मुलगा मोजतो हो. सराफ्यात रात्री गर्दीत उभा असलेला कुल्फीवाला न बघता सांगतो किती जणांनी पैसे दिले नाहीत, आणि तुमच्याकडे एवढी माणसं बसलेली, संगणक बसलेले, तुम्हाला सात मोजता येत नाही? बरं, नुसती गंमत नाही ही, तो पुरावा आहे. ओळ लिहिणाऱ्यासमोर सात जणांचा फोटो होता. म्हणजे काढाकाढी त्यानंतर झाली, किंवा ओळ एकाने लिहिली आणि फोटो दुसऱ्याने "साफ" केला. पत्रात तुम्ही एवढं एकच लिहिलं, सात नावं सहा चेहरे, तरी पुरे होतं, बाकी झेंडू वगैरे नंतर. पण तुम्ही लिहू नका.

सहावी, मूळ फोटो मागू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाच ग्रुपमधून फिरून आलेला चालेल. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, कधी, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही आतली माहिती उडवतं, म्हणजे तुमचा पुरावाही आत्यासारखाच साफ. मी आगाऊपणा केला, फोटोग्राफरच्या दुकानात गेलो. त्याच्याकडे त्या क्षणाच्या ओळीने चार फ्रेम निघाल्या, एकात नगरसेवकांचे डोळे मिटलेले, एकात भाचा मोबाइल बघतोय, चारही फ्रेममध्ये आत्या. तो म्हणाला, "मैंने तो सात ही भेजे थे." कोणाला पाठवले? भाच्याला. प्रेस नोट कोण पाठवतं? भाचा. आता मी काही म्हणत नाही. एवढंच म्हणतो की मागच्या सभेत आत्याने मंडपाचं बिल दाखवा म्हटलं होतं.

सातवी, पेपरचं म्हणणं मान्य करा की "फोटो हमें ऐसा ही मिला था." खरंच तसाच मिळाला असेल, मी नाकारत नाही. पण मग खाली "फोटो मंडळाकडून" असं तरी छापा. नाव कोणाचंच नाही, म्हणजे तो तुमचाच.

आठवी, परदेशातली उदाहरणं देऊ नका, संपादकांना वाटेल तुम्ही शिकलेले आहात. पण आपल्यात म्हणून सांगतो. 2010 च्या जूनमध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’च्या मुखपृष्ठावर ओबामा लुइझियानाच्या किनाऱ्यावर एकटे मान खाली घालून उभे होते, समुद्रात तेल सांडलं होतं तेव्हाचं. मूळ फोटो रॉयटर्स या वृत्तसंस्थेचा, त्यात आणखी दोघं होती, तटरक्षक दलाचे अ‍ॅडमिरल थॅड अ‍ॅलन आणि तिथल्या स्थानिक प्रमुख शार्लट रँडॉल्फ. अ‍ॅलन क्रॉपमध्ये गेले, बाई पुसून काढल्या. साप्ताहिकाकडून कारण काय आलं, तर ही अनोळखी बाई कोण म्हणून वाचक गोंधळतील. बघा, गोंधळ नको म्हणून माणूस नको! ओबामा आपसूक एकाकी दिसले, कारण बोलणारं माणूसच नाही. उलट एपी या वृत्तसंस्थेने 2014 मध्ये एका नावाजलेल्या छायाचित्रकाराशी संबंध तोडले. का, तर सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यातला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा त्याने पुसला होता. माणूस नाही, कॅमेरा. तोही कोपऱ्यातला. त्याने स्वतःहून सांगितलं तरी.

नववी, पत्राची कॉपी ठेवू नका, स्पीड पोस्टची पावती तर नकोच. कारण प्रेस कौन्सिलकडे जायचं तर आधी संपादकांना लिहिलं होतं हे दाखवावं लागतं, आणि दैनिकाच्या बाबतीत छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार जावी लागते. पावती नसली की तुम्ही सुटलात. तसंही कौन्सिल दंड करू शकत नाही, समज देते, ताशेरे मारते, बस.

दहावी, सोडून द्या. सगळे हेच म्हणतात. माझा मेव्हणा म्हणाला, जाऊ दे ना, एक फोटो तर आहे.

एक फोटो तर आहे. ठीक आहे. आता उपरोध बस झाला, सरळ बोलतो.

संपादक साहेब, या बाईने 31 वर्षं मंडळाचा हिशेब ठेवला, लाल कापडाच्या वह्यांमध्ये, शाई फुटली तर ओळ पुन्हा लिहून. त्या दिवशी तिचाच सत्कार होता. शाल तिच्याच खांद्यावर होती. तिने मंगळवारी सकाळी सात वाजता पेपर मागवला, शेजारच्यांकडून दोन जास्तीच्या प्रती आणवल्या, चष्मा लावला आणि पान उघडलं. काही बोलली नाही. मग बराच वेळ बघून म्हणाली, "काठी माझीच आहे ना रे?"

फोटो तुम्ही नसेल पुसला, पण छापला तुम्ही. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात तुमचं नाव आहे, भाच्याचं नाही. दोन पत्रं पोचली, पोचपावती माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही नाही. फोनवरचा मुलगा म्हणतो "देखते हैं". काय देखते? मूळ चार फ्रेम मी पेन ड्राइव्हमध्ये तुमच्या रिसेप्शनवर दिल्या आहेत, सही घेतली आहे. लाज वाटत नसेल तर निदान मोजून घ्या. मला माफीनामा नको, खेद वगैरे नको, "तांत्रिक त्रुटी" तर अजिबात नको, त्रुटी माळेतलं फूल उचलून तीनदा चिकटवत नाही. तोच फोटो, सात जणांचा, त्याच पानावर, तेवढ्याच आकारात, नावं क्रमाने. छापून आज 39 दिवस झाले, 21 उरलेत. पान सहा, वरून दुसरा कॉलम.